जुन्या क्रॅश गिअरबॉक्सला जीएल-५ नको

> सिंक्रो नसलेल्या गिअरबॉक्समध्ये हल्लीचं ८०डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर तेल चालेल का?

नको. रत्नागिरीतल्या आमच्या १९३०च्या दशकातल्या गाडीत मी तेच भरलं होतं. दुसऱ्यावरून तिसरा टाकताना डबल क्लच करूनही खर्रर्र! वरचा गिअर टाकताना गिअरबॉक्समधली मोकळी फिरणारी दातेरी चाकं मंदावावी लागतात आणि ते काम जाड तेलाचा अडथळा करतो. ८०डब्ल्यू-९०सारख्या पातळ तेलात ती फिरतच राहतात.

शिवाय जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची भर तेल तापलं की ब्राँझच्या बुशांना खाते. काढलेल्या तेलात सोनेरी चुरा चमकत होता, तेव्हा पोटात गोळाच आला.

आता साधं मिनरल एसएई १४०, जीएल-१ भरलंय. कोकणात थंडी कुठे! घाटावर डिसेंबरातल्या सकाळी मात्र तेल घट्ट होऊन चाकं फार लवकर मंदावतात, तेव्हा गिअर पटकन टाका.