शब्दचर्चा: ‘वली पर्वत’ की ‘घडीचा पर्वत’?

नौपाडकर:
भाचीच्या भूगोलाच्या पुस्तकात हिमालयाला ‘वली पर्वत’ म्हटलंय. आम्ही शाळेत ‘घडीचा पर्वत’ शिकलो. दोन्ही एकच ना? आणि ‘वली’ म्हणजे नेमकं काय? तिने पुढे जे विचारलं त्यावर मी अडले. घडी पडली म्हणून जमीन आठ किलोमीटर वर कशी जाईल? शब्द अपुरा आहे की माझी समजूत?

घोडबंदरकर:
दोन्ही एकच, ताई. ‘वली’ संस्कृत. त्रिवली शब्दात आहे तीच, आणि मराठीतली ‘वळी’ही तीच. पोटाला वळ्या पडतात, बाळाच्या मांडीला पडतात, तशा टेथिस समुद्रातल्या गाळाच्या थरांना पडल्या. भारताचा भूपट्ट दक्षिणेकडून रेटत आला, आशियाला भिडला आणि मधला गाळ दुमडत वर गेला. कमानीसारख्या वर आलेल्या भागाला अपनती म्हणतात, खोलगट भागाला अभिनती. मला तर ‘वली’ चपखल वाटतो. उंचीचं म्हणाल तर तो रेटा अजून चालू आहे, दर भूकंपाला हिमालय थोडा वाढतो.

कळवेकर:
मग आमचा पारसिकचा डोंगरही वली पर्वतच का? मुंब्र्याच्या बाजूने पाहिलं तर दगडाचे थर सरळ आडवे नाहीत, खाडीकडे, म्हणजे पश्चिमेला कललेले आहेत. लहानपणापासून पाहतोय. इथेही काहीतरी धडकलं असणार.

खारघरकर:
मी भूशास्त्राचा माणूस, उत्तराखंडात बोगद्यांच्या कामावर बरीच वर्षं होतो. आधी कळवेकरांचं. थर कललेले आहेत हे तुम्ही बरोबर पाहिलंत, पण तिथे धडक झालेली नाही. पारसिकचा दगड लाव्हाचा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यानंतर लवकरच आपल्या पश्चिमेला भूकवच ताणलं जाऊन फाटलं आणि सेशेल्सचा तुकडा वेगळा झाला. त्या ताणाच्या काळात किनाऱ्याकडचे थर पश्चिमेला वाकले. भूशास्त्रात याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. वाकणं दाबामुळे होतं तसं ताणामुळेही होतं, म्हणून नुसता कल पाहून ‘वली’ म्हणू नये.

आता भाचीचा प्रश्न. तो फार चांगला आहे, आणि घोडबंदरकर, तुमच्या उत्तरातून तो सुटत नाही. हिमालयात घड्या आहेतच, काही तर रस्त्यावरून दिसतात. पण उंची मुख्यतः घड्यांची नाही. तिथे भूकवचाचे जाड पत्रे सुटून एकमेकांवर चढलेत, भाकरीची चवड लागावी तसे. फक्त ही चवड सपाट नाही, उत्तरेकडे कललेली आहे.

हे ओळखायचं कसं? एरवी जुना दगड खाली आणि नवा वर असतो. डेहराडूनहून मसुरीला चढताना राजपूरच्या आसपास हे उलटं होतं. खालच्या बाजूचे शिवालिकचे खडक नदीच्या वाळू-गोट्यांचे, फार तर दीड-दोन कोटी वर्षांचे. त्यांच्यावर चढून बसलेले मसुरीचे चुनखडक 50 कोटी वर्षांहून जुने. नुसत्या घडीने इतका जुना दगड मैलोगणती पुढे येऊन नव्याच्या डोक्यावर बसत नाही. मधे सरकण्याची पातळी असावी लागते. आम्ही कामावर तिला ‘थ्रस्ट’ म्हणायचो. बोगदा अशा पातळीतून गेला की लगेच कळतं. चांगला दगड संपतो, दळलेला, चिकणमातीसारखा माल यायला लागतो, पाणी सुटतं आणि काम रखडतं.

नौपाडकर:
म्हणजे थर एकावर एक चढले तेवढी उंची? मग पत्रे मोजले की हिशेब लागायला हवा.

खारघरकर:
थेट तसा लागत नाही, इथेच खरी गंमत आहे. चढलेल्या जाडीचा बहुतेक भाग वर दिसतच नाही, तो खाली जातो.

साधं गणित करू. खंडाचं भूकवच सहसा 35 किमीच्या आसपास जाड असतं. तिबेटखाली ते जवळजवळ दुप्पट, 70 किमीपर्यंत आहे. कवचाची घनता 2.8 धरू आणि त्याखालच्या प्रावरणाची 3.3. प्रावरण घन असलं तरी लाखो वर्षांच्या हिशेबात संथपणे वाहतं, त्यामुळे हलकं कवच त्यावर तरंगतं. जादा 35 किमीपैकी वर राहतो तो घनतेच्या फरकाइतका हिस्सा, म्हणजे 0.5 भागिले 3.3, साधारण 15 टक्के. त्याचे होतात सव्वापाच किमी. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची 5 किमीच्या जवळपास आहे. उरलेले तीस किमी खाली मूळ धरून आहेत. भाचीला सांगा, पर्वत वर जेवढा दिसतो त्याच्या कितीतरी पट खाली असतो.

आणि जाडी साठली कारण भारत बुडाला नाही. टेथिसचा तळ जड होता, तो आशियाखाली गेला. मागून आलेला खंडाचा भाग हलका, तो प्रावरणात सहज जाईना. ही धडक सुरू झाली साधारण 5 कोटी वर्षांपूर्वी. आजही भारत वर्षाला 4 ते 5 सेंमी पुढे सरकतो, आणि त्यातले जवळपास 2 सेंमी एकट्या हिमालयात जिरतात.

घोडबंदरकर:
चवडीचं पटलं. पण मग ‘वली’ शब्द काढूनच टाकायचा का? इराणातल्या झाग्रोसच्या चित्रांत तर लाटांसारख्या घड्या स्पष्ट दिसतात. आणि माझं भूकंपाचं म्हणणं?

खारघरकर:
काढू नका. झाग्रोससाठी तो उत्तम आहे. तिथे गाळाच्या थरांखाली मिठाचे थर आहेत. त्यावरून वरचा गाळ घसरत गेला आणि ठळक घड्या पडल्या. स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतातही बरंचसं असंच. माझी तक्रार एवढीच की हिमालयाला ‘वली’ म्हणून थांबलं तर उंचीचं कारण निसटतं.

भूकंपाचं अर्धं बरोबर. 2015 च्या नेपाळच्या भूकंपात काठमांडूचा परिसर सुमारे एक मीटर वर आला, पण त्याच्या उत्तरेचा उंच हिमालय काही ठिकाणी खाली बसला. दोन मोठ्या भूकंपांच्या मधल्या काळात खालची पातळी अडकलेली असते, तेव्हा उंच रांग हळूहळू फुगते. पातळी सुटली की पुढचा भाग उचलला जातो आणि मागचा थोडा उतरतो. वाढ होते ती या सगळ्याची बेरीज-वजाबाकी होऊन.

कळवेकर:
पारसिकबद्दल अजून एक. ते थर नुसते वाकलेत की तुकडे होऊन सरकलेत?

खारघरकर:
यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काहींना ते सलग वाकणं वाटतं, काहींना अनेक लहानमोठ्या विभंगांवर तुकडे खाली बसत गेल्याचा परिणाम. मी स्वतः दुसऱ्या बाजूला झुकतो, पण छातीठोक सांगणार नाही.

नौपाडकर:
मग मी भाचीला सांगते की वली आणि घडी एकच, आणि हिमालय त्याहून जास्त काहीतरी आहे. पण ‘थ्रस्ट’ला मराठीत काय म्हणायचं? ‘विभंग’ म्हटलं तर दगड तुटला एवढंच कळतं, वर चढला हे कळत नाही.

घोडबंदरकर:
‘चढविभंग’?

खारघरकर:
अर्थ पोहोचतो. उच्चारायला मात्र जड आहे. आणखी कोणाला सुचतंय का?