लोकल आणि दादरचा बाजार: कॅरियर की स्ट्रॉलर?

डोंबिवलीची आई: लेक सात महिन्यांची, साडेसात किलोची. आठवड्यातून दोनदा तिला घेऊन एकटीच दादरला माहेरी जाते, येताना बाजारातून भाजी-फुलं. नवरा म्हणतो स्ट्रॉलर घे, सासूबाई म्हणतात कडेवर घे. काय करू?

तिसरी सीट: कॅरियर. स्ट्रॉलरची घडी घालायला दोन हात लागतात. तेवढा वेळ लेक कुणाकडे? गाडी तर अर्धा मिनिट थांबते. शिवाय दादरचा पूल. तिथे पोरगी एका काखेत आणि स्ट्रॉलर दुसऱ्या हातात घेऊन चढलेय मी. कठड्याला धरायला हातच उरला नाही.

मुलुंडचे आजोबा: कॅरियरने पाय फेंगडे होतात, सांधे बिघडतात. पूर्वी असलं काही नव्हतं.

तिसरी सीट: आजोबा, पूर्वी पाठीला झोळी होतीच की! पण तुमचं अर्धं खरं आहे. बैठक अरुंद असली की पाय लोंबतात आणि सगळा भार जांघेत येतो, तसलं नकोच. मूल बेडकासारखं बसलं पाहिजे: मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार, गुडघे कुल्ल्यांपेक्षा जरा वर. हनुवटी छातीला टेकू द्यायची नाही, दोन बोटं मावली पाहिजेत. आणि धूळ लागते म्हणून तोंडावर ओढणी टाकू नका, नाक सतत दिसायला हवं.

उन्हाळा_नको: मे महिन्यात कॅरियर बांधून कुर्ल्याच्या पुढे जाऊन दाखवा. दोघींचा घाम एक होतो. स्ट्रॉलरमध्ये मूल मोकळं झोपतं, पिशव्याही हँडलला अडकतात.

तिसरी सीट: अडकवा, आणि मग लेकीला उचला. भाजीसकट स्ट्रॉलर मागे उलटतो, आमचे टोमॅटो रस्त्यावर गेले होते. बाजारात स्ट्रॉलरमधलं मूल लोकांच्या गुडघ्याच्या उंचीवर असतं, ढोपरं आणि पिशव्या त्याच्याच तोंडाशी. उकाड्याचं मात्र कबूल. जाळीचं कापड घ्या, आतून एकच पातळ झबलं.

नागपूरकर बाबा: आम्ही पुण्याहून रात्रीच्या गाडीने जातो. घडीचा स्ट्रॉलर बर्थखाली मावतो, मस्त सोय.

उन्हाळा_नको: अहो, त्या लोकलबद्दल विचारतायत!

डोंबिवलीची आई: वहिनीचा कॅरियर आणून पाहिला. ठाणे येईपर्यंत खांदे भरून आले.

तिसरी सीट: कंबरपट्टा कुठे बांधला?

डोंबिवलीची आई: बेंबीवर.

तिसरी सीट: खाली घ्या, कमरेच्या हाडावर, आणि आधी तोच घट्ट करा. खांद्याचे पट्टे नंतर. लेकीच्या डोक्याचा मुका मान न वाकवता घेता आला, की उंची बरोबर.

डोंबिवलीची आई: काल तसं बांधलं. दादरपर्यंत खांदे दुखले नाहीत, फुलबाजारात दोन्ही हात मोकळे. पण सिझरची पाठ परतीला धरलीच. आणि झबलं पिळून काढावं लागलं.

उन्हाळा_नको: बघा!