प्रतिसाद: १३७ दिवसांच्या परताव्याचा वार्षिक दर

"१० नोव्हेंबरला लातुरात ८०,००० चं सोयाबीन घेऊन ठेवलं, २७ मार्चला विकून गोदामभाडं वजा जाता ८४,४०० हाती आले. वर्षाचा परतावा किती धरायचा?"

आधी दिवस नेमके मोजावेत. खरेदीचा दिवस सोडून विक्रीचा दिवस धरला, तर लीप वर्ष नसताना २०, ३१, ३१, २८ आणि २७ मिळून १३७ दिवस होतात. या काळातला परतावा ५.५ टक्के आहे. एक्सेलमध्ये सूत्र असे लिहावे:

```
=(84400/80000)^(365/137)-1
```

उत्तर सुमारे १५.३३ टक्के येते. ५.५ ला थेट ३६५/१३७ ने गुणले, तर १४.६५ टक्के मिळतात. तो सरळव्याजाचा हिशोब झाला, कारण त्यात नफा पुन्हा गुंतवलेला धरलेला नाही. घातांक उलटा, म्हणजे १३७/३६५, पडला तर जेमतेम २.०३ टक्के येतात. मुदत वर्षाहून कमी आणि व्यवहार नफ्याचा असेल, तर वार्षिक दर मूळ परताव्यापेक्षा जास्तच यायला हवा, एवढ्यावरून ही चूक ओळखता येते.

मात्र १५.३३ टक्के हा आकडा, तोच नफा वर्षभरात सुमारे २.६६ वेळा मिळत राहील, असे गृहीत धरतो. सुगीत घेऊन भाव चढल्यावर विकण्याची संधी आपल्याकडे सोयाबीनला वर्षातून बहुधा एकदाच मिळते, त्यामुळे उरलेले २२८ दिवस पैसा बचत खात्यात पडून राहणार असेल, तर तुमचा वर्षाचा खरा परतावा ५.५ टक्के आणि त्या खात्याचे व्याज एवढाच धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.