‘उपरिव्यय नियंत्रण खाते’ : यातील ‘नियंत्रण’ म्हणजे नेमके काय?

किर्दकार

आमच्या लहान कारखान्यात वित्तीय हिशेब आणि उत्पादनखर्चाचा हिशेब आजवर दोन निरनिराळ्या वह्यांत ठेवले जात असत. या वर्षापासून दोन्ही एकाच खातेवहीत आणले आणि ‘भांडार नियंत्रण’, ‘मजुरी नियंत्रण’, ‘उपरिव्यय नियंत्रण’ ही खात्यांची नावे रोजच्या लिखाणात आली. उपरिव्यय म्हणजे कोणत्याही एका कामावर थेट टाकता न येणारा खर्च. पहिल्या महिन्याच्या अखेरीस उपरिव्यय नियंत्रण खात्यात 2,000 ची नावे बाकी उरली. मालकांनी नाव वाचून विचारले, ‘खाते नियंत्रणाचे आहे, तर मग खर्च हाताबाहेर कसा गेला?’ मला उत्तर देता आले नाही. येथे ‘नियंत्रण’ म्हणजे खर्चाला आवर घालणे, असाच अर्थ घ्यायचा का?

अर्थशोधक

माझ्या मते होय. ‘नियंत्रण’ या शब्दात बांधून ठेवण्याचा, आवरण्याचा भाव मुळातच आहे. खर्च ठरलेल्या मर्यादेत राहिला की नाही, हे ज्या खात्यावरून कळते ते नियंत्रण खाते. नावे बाकी राहिली याचा अर्थ खर्च मर्यादेपेक्षा 2,000 ने अधिक झाला.

जुना हिशेबनीस

मराठी शब्दाचा अर्थ आपण बरोबर सांगितला, पण ज्या इंग्रजी शब्दासाठी तो योजला गेला, त्याचा उगम वेगळा आहे. ‘कंट्रोल’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याच्या मुळाशी ‘प्रतिनोंदवही’ ही कल्पना आहे. एका नोंदवहीतील नोंदी ताडून पाहण्यासाठी तिच्याच जोडीने ठेवलेली ही दुसरी वही. आवर घालण्याचा अर्थ त्या शब्दाला पुढे चिकटला. हिशेबाच्या परिभाषेत मात्र जुनाच अर्थ जिवंत आहे. भांडारात प्रत्येक वस्तूचे स्वतंत्र पान असते, आणि त्या सर्व पानांची मिळून जी बाकी येते तीच भांडार नियंत्रण खात्यात एकरकमी दिसली पाहिजे. ती दिसली नाही, तर कुठेतरी नोंद राहिली किंवा चुकली, एवढेच ते खाते सांगते.

किर्दकार यांनी महिन्याच्या नोंदींचे आकडे दिल्यास त्या 2,000 चा अर्थही पाहता येईल.

किर्दकार

आकडे देतो. उधारीवर 60,000 चा कच्चा माल आला, तेव्हा भांडार नियंत्रण खाते नावे आणि पुरवठादार जमा. मागणीचिठ्ठ्यांप्रमाणे 42,000 चा माल थेट कामांवर गेला, म्हणून चालू काम नियंत्रण खाते नावे. वंगण, पुसण्याच्या चिंध्या आणि किरकोळ सामान 5,000 चे गेले, ते उपरिव्यय नियंत्रण खात्याला नावे. एकूण मजुरी 30,000 झाली. तीत हाती दिलेली रक्कम 27,000 आणि कपाती 3,000 आहेत. जॉबकार्डांवरून त्यातील 22,000 चालू कामाकडे आणि 8,000 उपरिव्ययाकडे वर्ग केले, त्यामुळे मजुरी नियंत्रण खाते शून्यावर आले. वीज व भाडे 9,000 आणि यंत्रांचा घसारा 4,000 हेही उपरिव्ययातच. कामांवर उपरिव्यय यंत्रतासाला 60 या दराने चढवला. यंत्रे 400 तास चालली, म्हणून चालू काम 24,000 ने नावे आणि उपरिव्यय तेवढ्याने जमा.

जुना हिशेबनीस

उपरिव्ययाची नावेबाजू 5,000, 8,000, 9,000 आणि 4,000 मिळून 26,000 होते, जमाबाजू 24,000 आहे, आणि 2,000 तेथून उरले. आता एक सांगावे, की 60 हा दर कशावरून काढला होता?

किर्दकार

महिन्याचा अंदाजित उपरिव्यय 27,000 धरला होता आणि यंत्रे 450 तास चालतील असे मानले होते.

जुना हिशेबनीस

मग मालकांना निर्धास्तपणे सांगावे, की अंदाज 27,000 चा असताना प्रत्यक्ष खर्च 26,000 झाला, म्हणजे तो 1,000 ने कमीच आहे. नावे बाकी आली ती यंत्रे 50 तास कमी चालली म्हणून. त्या 50 तासांचे 3,000 कामांवर चढलेच नाहीत. त्यातून वाचलेले 1,000 वजा केले की 2,000 उरतात. ‘नियंत्रण’ म्हणजे आवर असे धरून वाचले, की हीच बाकी उधळपट्टीचा पुरावा वाटू लागते आणि वंगण किंवा देखरेखीच्या मजुरीत कपात सुचवली जाते. विचारायचा प्रश्न मात्र 50 तास कुठे गेले हा आहे. ही बाकी वर्षअखेरपर्यंत पुढे ओढावी की महिन्यालाच नफातोट्याकडे न्यावी, हा धोरणाचा भाग आहे. हंगामी काम असल्यास मी ती पुढे ओढतो.

अर्थशोधक

माझे म्हणणे मी दुरुस्त करतो. तरीही एक शंका राहते. विजेचा काही भाग तासांबरोबर कमी होणारच. यंत्रे 400 तासच चालली, तर 27,000 च्या अंदाजाशी तुलना करून ‘1,000 वाचले’ म्हणणे कितपत योग्य आहे?

जुना हिशेबनीस

शंका रास्त आहे. सर्व उपरिव्यय स्थिर मानला तरच माझी फोड पूर्ण खरी ठरते. विजेचा चल भाग वेगळा काढून 400 तासांचा अंदाज नव्याने मांडला, तर 1,000 ची बचत कमी भरेल, कदाचित उरणारही नाही. एकूण 2,000 मात्र तेवढेच राहतील.

भांडारपाल

आमच्याकडे दोन हिशेबांचा मेळ घालण्यासाठी ‘सर्वसाधारण खातेवही समायोजन खाते’ असते. किर्दकार यांच्या नोंदींत ते दिसत नाही. ते राहून गेले का?

जुना हिशेबनीस

नाही. वह्या दोन असतात तेव्हा परिव्ययाच्या वहीत पुरवठादाराचे किंवा बँकेचे खाते नसते, म्हणून दुसरी बाजू त्या समायोजन खात्यात टाकावी लागते. येथे वही एकच असल्यामुळे पुरवठादारच थेट जमा होतो.

भांडारपाल

समजले. मग माझा अनुभव सांगतो, तो शब्दाच्या अर्थाशी जुळतो. एकदा भांडाराच्या पानांची बेरीज नियंत्रण खात्यापेक्षा 3,200 ने अधिक निघाली. भांडाराच्या प्रत्येक खणाला लावलेल्या बिनकार्डावर फक्त नग असतात, म्हणून आधी प्रत्यक्ष माल मोजला, आणि नग बरोबर निघाले. शेवटी सापडले, की एका कामावरून परत आलेले पत्रे आम्ही पानावर चढवले होते, पण परतीची चिठ्ठी लेखा विभागाकडे गेलीच नव्हती. त्यामुळे भांडार खाते 3,200 ने कमी आणि चालू काम तेवढ्याने अधिक दिसत होते. चमत्कारिक भाग असा, की जॉबकार्डावरही परतीची नोंद नसल्यामुळे चालू कामाचा ताळा मात्र चोख जुळत होता.

जुना हिशेबनीस

हीच या खात्यांची सीमा आहे. एका कामाचा माल चुकून दुसऱ्या कामावर लिहिला गेला, तरी बेरीज जुळते आणि खाते काहीच बोलत नाही. जुळणे म्हणजे बरोबर असणे नव्हे.

अर्थशोधक

मग मराठीत ‘पडताळा खाते’ किंवा ‘ताळा खाते’ हे नाव अधिक चपखल नाही का? गणिताचा ताळा पाहणे सर्वांनाच ठाऊक असते, आणि मालकांचा गैरसमजही झाला नसता.

भांडारपाल

भांडारापुरते ‘ताळा खाते’ मला आवडेल, कारण तेथे पाने मोजून ताळा पाहता येतो. उपरिव्ययाला ते कसे लागू पडेल, हे मला उमगत नाही, कारण तेथे बाकी उरणे ही चूक नसते.

किर्दकार

माझीही अडचण तीच आहे. तूर्त मी खात्याचे नाव बदलत नाही, कारण लेखापरीक्षक ‘नियंत्रण खाते’ याच नावाने मागणी करतात. महिन्याच्या पत्रकात मात्र ‘उपरिव्यय नियंत्रण बाकी’ ऐवजी ‘कामांवर न चढलेला उपरिव्यय’ असे लिहून त्याखाली तासांची तूट स्वतंत्र ओळीत दाखवली आहे. विजेची चल आणि स्थिर अशी विभागणी करण्यासाठी मागील बारा महिन्यांची देयके काढून ठेवली आहेत. ती फोड झाली की 1,000 चे काय उरते, ते येथे कळवीन.