मदत हवी आहे: प्रक्रिया तपासणीच्या प्रस्तावात फी कशी बांधावी?

नमस्कार मंडळी. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या, साधारण दोनशे कामगारांच्या एका कंपनीला प्रस्ताव द्यायचा आहे. ऑर्डर आल्यापासून माल गेटबाहेर पडेपर्यंतची प्रक्रिया सहा आठवड्यांत तपासायची.

पहिले दोन आठवडे शॉप फ्लोअरवर बसून प्रत्यक्ष काम कसं चालतं ते टिपायचं, मग 30 जुन्या ऑर्डरी घेऊन प्रत्येकीचा वेळ कुठे अडकला ते मोजायचं, शेवटी सुधारणांचा अहवाल. माझे 12 दिवस 15,000 दराने, सहकाऱ्याचे 24 दिवस 6,000 दराने. एकूण 3,24,000, जीएसटी वेगळा.

मालक म्हणतात, "निम्मी फी बचत दिसल्यावर देतो." इथेच मी अडकलोय. सुधारणा राबवणार त्यांची माणसं, आणि आजचा डिलिव्हरीचा वेळ कुठेच नोंदलेला नाही. मग बचत मोजायची कशाच्या तुलनेत? म्हणून मी 30 टक्के सुरुवातीला, 40 टक्के मोजणीचा अहवाल दिल्यावर, 30 टक्के अंतिम अहवालावर असं लिहिलंय.

माझी उद्यम नोंदणी आहे. एमएसएमईडी कायदा, 2006 नुसार 15 दिवसांत लेखी हरकत नसेल तर काम स्वीकारलं असं धरतात. पण अहवालाच्या बाबतीत 'स्वीकारला' म्हणजे नेमकं काय, हे प्रस्तावात कसं लिहिता? कुणी असं कलम वापरलं असेल तर शब्दरचना सांगाल का? सोमवारी प्रस्ताव द्यायचा आहे.