हलकी दोरी, गुळगुळीत टेबल, वस्तुमानरहित कप्पी : गणितात या शब्दांचा नेमका अर्थ काय?

काजवा
मुलीचा अकरावीचा फिजिक्सचा अभ्यास घेत होते, त्यात हे नेहमीचं गणित आलं. टेबलावर ३ किलोचा ठोकळा, त्याची दोरी काठावरच्या कप्पीवरून खाली आलीय आणि टोकाला २ किलोचा ठोकळा लोंबतोय, त्वरण काढा. g १० धरलं की उत्तर येतं ४. ते आम्हाला जमलं, पण प्रश्नात लिहिलंय की टेबल गुळगुळीत, दोरी हलकी आणि न ताणणारी, कप्पी वस्तुमानरहित, आणि मुलगी विचारतेय की आई यातला एकेक शब्द खोडला तर उत्तरात काय बदलेल. मी म्हटलं सगळ्यांचा अर्थ एकच, गणित सोपं करून दिलंय. तिला ते पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

सागरगोटा
सोपं आहे ताई. गुळगुळीत म्हणजे फ्रिक्शन शून्य. हलकी म्हणजे दोरीला वजन नाही, त्यामुळे ती स्वतः खाली ओढत नाही, टेन्शन सगळीकडे सारखं राहतं आणि म्हणूनच दोन्ही ठोकळ्यांचं त्वरण सारखं येतं. कप्पीचंही तसंच, तिला वजन नाही म्हणजे ती टेबलाच्या काठावर भार टाकत नाही.

रानवारा
सागरगोटा, निम्मं बरोबर आहे पण दोन गोष्टींची सरमिसळ झालीय आणि नेमकी हीच सरमिसळ पेपरात मार्क घालवते. त्वरण सारखं येतं ते "न ताणणारी" या शब्दामुळे, "हलकी" मुळे नाही. दोरीच्या जागी हलकं रबर बांधून बघा, ते हलकंच आहे, टेन्शन सगळीकडे सारखंच आहे, पण सुरुवातीला रबर ताणलेलं नसताना टेन्शन शून्य असतं, म्हणजे त्या क्षणी खालचा ठोकळा १० ने पडतोय आणि टेबलावरचा जागचा हललेलाही नाही. म्हणजे दोघांना एकच a लिहिता येणार नाही. "न ताणणारी" वाचलं की a एकच, "हलकी" वाचलं की T एकच, असं प्रत्येक शब्दाचं आपापलं काम आहे.

आता हलकी म्हणजे काय ते वजनावरून नका पकडू, वस्तुमानावरून पकडा. टेबलावर आडवी पडलेली दोरी बघा, तिचं वजन टेबलाने किंवा ताणाने तोललेलं आहे, खाली ओढायचा प्रश्नच नाही. तरी तिला पुढे न्यायला बल लागतंच ना? पुढच्या टोकाचा ताण वजा मागच्या टोकाचा ताण बरोबर दोरीचं वस्तुमान गुणिले त्वरण. समजा दोरी अर्ध्या किलोची आहे आणि जवळजवळ सगळी टेबलावरच आहे, तर त्वरण २० भागिले ५.५ म्हणजे साधारण ३.६४, ठोकळ्याजवळ ताण १०.९ न्यूटन आणि कप्पीजवळ १२.७. तो १.८ चा फरक दोरीला स्वतःलाच पळवण्यात गेला. तीच दोरी १० ग्रॅमची घ्या, फरक ०.०४ न्यूटन येतो, कोण मोजतंय. "हलकी" चा अर्थ एवढाच की बांधलेल्या ठोकळ्यांच्या मानाने तिचं वस्तुमान सोडून देण्याइतकं कमी आहे.

काजवा
आत्ता लागला अर्थ! म्हणजे दोन समीकरणं, T = ३a आणि २० − T = २a, यात दोन्हीकडे तेच T आणि तेच a लिहितो ती दोन वेगळ्या शब्दांची देणगी आहे. T येतो १२. आणि गुळगुळीत टेबलामुळे पहिल्या समीकरणात T एकटाच उरलाय, बरोबर?

रानवारा
अगदी बरोबर. फक्त एक सांगतो, गुळगुळीत म्हटल्याने टेबलाचं बल नाहीसं होत नाही, टेबल ठोकळ्याला ३० न्यूटनने वर धरून आहेच, फक्त पृष्ठभागाला समांतर काही लावत नाही. पुष्कळ मुलं आकृतीतून तो बाणच काढून टाकतात. आणि इथे गुळगुळीतचा घरातल्या गुळगुळीतशी फार संबंध लावू नका, धातूचे दोन अतिशय स्वच्छ घासलेले पृष्ठभाग एकमेकांना उलट चिकटून बसू शकतात. गणितातला गुळगुळीत हा फक्त घर्षण शून्य धरा असा निरोप आहे.

पाऊलखुणा
माझा पण असाच घोळ झालेला. टेस्टमध्ये गुळगुळीत उतारावरून भरीव गोळा सोडलाय त्वरण काढा असा प्रश्न होता, मी गोळा बघितला आणि गडगडण्याचा फॉर्म्युला लावून पाच सप्तमांश g sinθ लिहिलं, चूक दिलं. गोळा आहे म्हणजे गडगडणारच ना?

रानवारा
नाही ना, त्याला फिरवणार कोण? वजन आणि उताराचं लंब बल दोन्ही गोळ्याच्या केंद्रातून जातात, फिरवायचं काम घर्षणच करतं आणि तेच गुळगुळीत शब्दाने काढून घेतलंय. स्थिर सोडलेला गोळा न फिरता नुसता घसरत येईल, त्वरण पूर्ण g sinθ. तुमचं उत्तर खडबडीत उताराचं आहे, तेसुद्धा घर्षण न घसरण्याइतकं असेल तरच.

सागरगोटा
दोरीचं मान्य, चुकलो. पण कप्पी? ती तर जागेवरच आहे, पुढे जात नाही, मग वस्तुमान असलं काय नसलं काय.

रानवारा
पुढे जात नाही पण फिरते, आणि दोरी जसजशी वेग घेते तसतशी कप्पीलाही फिरायचा वेग वाढवावा लागतो. कप्पी २ किलोची भरीव चकती धरा, दोरी तिच्यावर न घसरता तिला फिरवतेय. अशा चकतीचं निम्मं वस्तुमान हिशोबात येतं, त्रिज्या कितीही असो, म्हणजे एकूण ३ अधिक २ अधिक १. त्वरण २० भागिले ६, ३.३३. टेबलाकडचा ताण १० न्यूटन, खाली लोंबणाऱ्या बाजूचा १३.३३, आणि हा फरकच कप्पीला फिरवतो. म्हणून अशा गणितात T₁ आणि T₂ वेगळे लिहावे लागतात आणि तिसरं समीकरण कप्पीचं येतं. वस्तुमानरहित म्हटलं, वर आसाला घर्षण नाही म्हटलं, की ते तिसरं समीकरण T₁ = T₂ एवढंच उरतं.

कोवळंऊन
मी शिकवते म्हणून एक शंका टाकते. पुष्कळ प्रश्नांत नुसतं "गुळगुळीत कप्पी" असतं, वस्तुमानाबद्दल एक अक्षर नाही. मी मुलांना सांगते की कप्पीची कडाच गुळगुळीत, दोरी तिच्यावरून घसरते, कप्पी फिरतच नाही, मग ती १० किलोची असली तरी ताण दोन्हीकडे सारखाच.

रानवारा
मॅडम, तुम्ही म्हणताय तसं घेतलं तर उत्तर ४ च येतं हे खरं. पण मी "गुळगुळीत कप्पी" चा अर्थ आस गुळगुळीत असा लावतो, आणि मग वस्तुमानही नाही हे वेगळं सांगायला हवं, नाहीतर वरचं ३.३३ वालं प्रकरण उभं राहतं. आणि कप्पी अडकलेली आणि कडा खडबडीत असेल तर तिसरंच, घर्षणगुणांक ०.३ धरला तरी पाव वळशात ताण साधारण १.६ पट होतो, २ किलोकडे जास्त आणि टेबलाकडे कमी.

कोवळंऊन
पण आसच गुळगुळीत असं प्रश्नात कुठे लिहिलेलं असतं? दोन्ही अर्थ बसतात. मी तरी कडेचाच अर्थ सांगत राहीन, कारण त्यात वस्तुमान न देताही गणित सुटतं.

रानवारा
आणि मी पुढच्या ओळीत कप्पीचं वस्तुमान किंवा त्रिज्या दिलीय का ते आधी बघायला सांगेन, दिली असेल तर ती फिरणारच आहे.

काजवा
मुलगी इथे शेजारी बसून वाचतेय, ती म्हणते "वजनरहित कप्पी" असं छापलेलं पण तिने पाहिलंय. ते चालतं का?