ऑनलाइन फुटबॉल गेम: बॉल प्रेडिक्ट करावा की सर्व्हरचाच दाखवावा?

मृण्मयी: सर्व्हर सेकंदाला ६० टिक चालतो, पिंग १०० मिलिसेकंदांच्या आसपास. स्वतःचा खेळाडू लगेच हलवते, बॉल मात्र सर्व्हरकडून आलेला, १०० मिलिसेकंदांचं बफर ठेवून दाखवते. दोघांना बॉल वेगवेगळ्या जागी दिसतो आणि पाय बॉलमधून आरपार जातो. बॉलही सर्व्हरची वाट न बघता माझ्याकडेच पुढे चालवू, म्हणजे प्रेडिक्ट करू का?

निवांत: वायफाय सोडून केबल लावून बघा. माझा पत्त्यांचा गेम त्यानेच सुधारला.

खटपट्या: पत्त्यांना वेग नसतो हो! इथे बॉल पोचायला पिंगच्या निम्मे, ५० आणि बफरचे १००, म्हणजे दिसतो तो १५० मिलिसेकंद जुना. खेळाडू मात्र सर्व्हरच्या ५० पुढे. एकूण फरक २००. बॉल सेकंदाला १० मीटर जात असेल तर चूक २ मीटरची. केबलने ती जाणार नाही. बॉल आणि खेळाडू एकाच काळात आणायला हवेत, म्हणून प्रेडिक्ट कराच.

तांबडफुटी: मी करणार नाही. ज्याचा शेवटचा स्पर्श, त्याच्या क्लायंटकडे बॉलची मालकी द्या. आमच्या को-ऑप गेममध्ये छान चाललं.

खटपट्या: को-ऑपमध्ये चालणारच, तिथे बॉलसाठी कोणी भांडत नाही. इथे दोघं एकदम बॉलवर आले की दोघांचे क्लायंट म्हणणार 'माझा'. निकाल शेवटी सर्व्हरच देणार.

तांबडफुटी: बरं, मग तुमच्या पद्धतीत समोरच्याने बॉल परत मारला तर? मला ते कळेपर्यंत माझा बॉल १०० मिलिसेकंद सरळ पुढे गेलेला, खरा उलटा फिरलेला. पुन्हा २ मीटरच! शिवाय तो गोलसमोर उडी मारतो. उशिरा दिसलेला बॉल परवडला, खोटा नको.

खटपट्या: ते खरंय. पण तसं फक्त दुसऱ्याने मारल्यावर होतं, उशिरा दिसणाऱ्या बॉलवर माझी प्रत्येक किक चुकते. रॉकेट लीगही बॉल आणि इतरांच्या गाड्या क्लायंटवर प्रेडिक्ट करतो, अंतिम शब्द सर्व्हरचा. उडी लपवायला फिजिक्स लगेच दुरुस्त करा, चित्र हळूहळू खऱ्या जागी आणा. फार हळू आणलंत तर मात्र पाय पुन्हा आरपार.

मृण्मयी: करून पाहिलं. मैदानात एकटी असले तरी बॉल मागे खेचला जातो. थांबला की ठीक.

खटपट्या: वेगाबरोबर धक्का वाढतो ना? मग सर्व्हरची जागा तुम्ही बॉलच्या आत्ताच्या जागेशी ताडताय. ती आलेली जागा जुन्या टिकची आहे, त्याच टिकला तुमचा बॉल कुठे होता ते बघा:

```
if (dist(history[snap.tick].pos, snap.pos) > 0.05) {
    world.restore(snap);
    for (t = snap.tick + 1; t <= now; t++) {
        world.step(inputs[t]);
        history[t] = world.save();
    }
}
```

तुमच्या पिंगला साधारण ६ टिक पुन्हा चालवावे लागतील. बॉल आणि खेळाडू दोघांनाही एकत्रच मागे न्या, नाहीतर टक्कर वेगळीच होईल.

मृण्मयी: history टिकप्रमाणे ठेवल्यावर एकटीचा धक्का गेला. गोलसमोरची उडी आहेच.

तांबडफुटी: राहणारच. निदान गोलचा जल्लोष तरी सर्व्हरने सांगितल्यावरच वाजवा.

खटपट्या: याला माझी हरकत नाही. बॉलला आहे.